ज्वरातिसारोत्तर मंदाग्नी : आहार व व्यायाम यांचा पुनरारंभ

बोर्ली पंचतनच्या परिसरात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे ओहोटी पाहून दिवेआगरच्या पुळणीवर धावावयास जातात. पावसाळ्यात त्यांतील काहीजण ज्वर, वांती व अतिसार घेऊन आमच्याकडे येतात. त्यांचा ज्वर उतरविणे फारसे कठीण जात नाही. कठीण असतो तो त्यानंतरचा पंधरवडा. अंगातील ताप गेलेला असतो, भूक मात्र परतलेली नसते, आणि चाचणीचा दिवस जवळ येत असतो. या पंधरवड्यात वैद्याने काय करावे व औषध विक्रेत्याने काय करू नये, एवढ्यापुरताच हा लेख मर्यादित आहे.

चरकाचार्यांनी ज्वरमुक्त रुग्णास बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान व फार चालणेही वर्ज्य सांगितले आहे. हा निषेध आपण सर्वांनी पाठ केलेला असतो. परंतु बल आले हे ओळखावयाचे कसे, हे रुग्णास सांगावयाचे आपल्या हातून राहून जाते. ‘आठ दिवस विश्रांती घ्या’ असे सांगितल्यास मुलगा चौथ्या दिवशी धावावयास जातो, कारण आठ हा आकडा कोठून आला हे त्यास कळलेले नसते. आमच्या मते दिवस मोजण्याऐवजी अग्नीची लक्षणे मोजावयास शिकविणे अधिक उपयोगी ठरते.

गेल्या काही वर्षांतील एक रुग्ण येथे विस्ताराने देतो. वय एकवीस, नेहमीचे वजन 62 किलो. श्रावणाच्या आरंभी त्यास तीन दिवस 101 ते 102 अंश ज्वर होता व त्यातील दोन दिवस वांती व पातळ मलप्रवृत्ती. ज्वर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी, अशक्तपणा भरून काढावा म्हणून, त्याने पहाटे अर्धा लिटर दूध व चार अंडी घेतली आणि तो पुळणीवर गेला. सोळाशे मीटरपैकी निम्मे अंतर होते न होते तोच वांती झाली व दुपारपर्यंत पुन्हा चार वेळा द्रवमल. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा वजन 58.5 किलो होते. पहाटे अंथरुणात मोजलेली नाडी 88 भरली. निरोगी असताना ती 62 असे, कारण ही मुले आपली नाडी वहीत लिहून ठेवतात. उभे राहताच ती 118 वर गेली व त्यास भोवळ आली. मैदानी चाचणीस चोवीस दिवस उरले होते.

उभे राहिल्यावर नाडी तीसने वाढते, याचा अर्थ शरीरातील उदकाची तूट अद्याप भरलेली नाही. अशा वेळी दीपन-पाचन औषधापूर्वी जलसंजीवनी द्यावी. एक लिटर पाण्यास एक पूर्ण पुडी, अर्धी नव्हे. थोडे थोडे घोट घेत दिवसभरात संपवावी. येथे औषध विक्रेत्यांस एक विनंती. फळांच्या चवीची गोड पेये जलसंजीवनीच्या नावाने दीर्घकाळ विकली गेली. 2025 च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली. अतिसाराच्या रुग्णास त्यातील अधिक साखर आतड्यात पाणी ओढून घेते व मलप्रवृत्ती वाढविते. गिऱ्हाइकाने खोके मागितले तरी त्याच्या हाती पुडीच द्यावी.

पहिले दोन दिवस आम्ही त्यास केवळ लाह्यांचा मंड व तांदळाची पेया दिली. शार्ङ्गधराने पेयेस चौदा पट पाणी सांगितले आहे. म्हणजे मूठभर, सुमारे 50 ग्रॅम, जुन्या तांदळास 700 मिलिलिटर. आपल्याकडील घराघरांतील पेज ती हीच. केवळ खोबरे व लोणचे बाजूस ठेवावयाचे. सोबत सुंठ व सैंधव चिमूटभर. व्यायाम मुळीच नाही, ओसरीपर्यंत चालणे एवढेच.

भूक नसताना खावे की भुकेची वाट पाहावी, हा प्रश्न प्रत्येक रुग्णाची आई विचारते. शोधनानंतरच्या संसर्जन क्रमात अन्नकाल ठरलेले असतात, तेच सूत्र आम्ही येथे घेतो. वेळा तीन व त्या नित्य पाळावयाच्या. बदलावयाची ती मात्रा. ठरल्या वेळी ढेकर शुद्ध आहे काय, पोट हलके आहे काय, मलमूत्र सुखाने झाले काय, एवढे पाहावे. हे सर्व आहे पण खाण्याची इच्छा नाही, तर निम्मी मात्रा द्यावी. बहुधा दोन घासांनंतर इच्छा होते. परंतु ढेकरास मागील अन्नाचा वास असेल व पोट जड असेल, तर त्या वेळी उष्णोदकच द्यावे. पहिल्या अवस्थेत उपाशी ठेवणे व दुसऱ्या अवस्थेत आग्रहाने भरविणे, या दोन्ही चुका आम्ही पाहिल्या आहेत. आरंभीच्या काळात केल्याही आहेत.

तिसऱ्या दिवशी ढेकर शुद्ध झाला. तेव्हा चौपट पाण्यातील विलेपी व मुगाचे अकृत यूष, म्हणजे फोडणी व स्नेह नसलेले कढण, सुरू केले. चौथ्या दिवशी त्याच कढणास जिरे व अर्धा चमचा तूप. पाचव्या दिवशी मऊ भात. पुढील पायरी मांसरसाची, परंतु घरात श्रावण पाळला जात असल्याने ती सोडावी लागली. तिच्या जागी मूग व मसुरीचे दाट कढण दिवसातून दोन वेळा दिले. कोकणात आजाऱ्यास प्रथम कुळथाचे कढण देण्याची रीत आहे. कुळीथ ज्वरातील यूषांत सांगितला असला तरी तो उष्ण व अम्लविपाकी असल्याने दाह किंवा रक्तस्रावाची शंका असता तो देऊ नये. आम्ही तो सहाव्या दिवसापर्यंत थांबविला.

पेजेवर फार काळ राहणेही घातक आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. 50 ग्रॅम तांदळाच्या पेजेतून सुमारे 175 कॅलरी मिळतात. तीन वेळा घेतली तरी तरुणाची निम्मी गरजही भागत नाही. लक्षणे अनुकूल असता पायरी न चढविणारा वैद्य रुग्णाचे मांस व बल क्षीण करतो.

दूध मात्र आम्ही बारा दिवस दिले नाही. अतिसारानंतर आतड्याच्या आतील अस्तराची झीज होऊन दुधातील साखर पचविण्याची शक्ती काही दिवस उणावते. पोट फुगते, गुरगुरते व आंबट द्रवमल होतो. या मुलाच्या दुसऱ्या अतिसारास, आमच्या समजुतीने, ते अर्धा लिटर दूध बरेचसे कारण होते. डब्यातील प्रथिन चूर्णे बहुतांशी दुधाचीच असतात, हे विक्रेत्यांनी लक्षात ठेवावे. दुपारी ताजे पातळ ताक सहाव्या दिवसापासून सोसले.

औषध अल्पच होते. पहिले तीन दिवस मुस्तादि षडंगोदक, नंतर मऊ भाताच्या पहिल्या घासांबरोबर तुपात कालवून हिंग्वष्टक. दाह नव्हता म्हणूनच ते दिले. भूक वाढविण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असते. त्याने गुंगी येते. पहाटे धावणाऱ्या मुलाने नाडी मोजून निर्णय घ्यावयाचा असता हे औषध त्याची समजच मंद करते. ते केवळ मागणीवरून देऊ नये.

आता व्यायाम. आमचा नियम असा की एका दिवशी एकच पायरी चढवावी, आहाराची किंवा व्यायामाची. आणि आहाराची नेहमी आधी. दोन्ही एकत्र वाढविल्यास बिघाड झाला तर तो कशाने, हे कळत नाही. सहाव्या दिवशी, मऊ भात दोन वेळा नीट जिरल्यावर, पंधरा मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे. त्या पहाटेची नाडी 74 होती. आठव्या दिवशी ती 68 वर आली, तेव्हा दहा मिनिटे मंद धाव. मर्यादा सुश्रुतोक्त अर्धशक्तीची: श्वास तोंडाने घ्यावा लागू लागताच थांबणे. मुलांस हे खूण म्हणून सांगावे. तोंड मिटून धावता येत नाही तेथे निम्मे बल संपले. दुसऱ्या पहाटे नाडी मागील दिवसाहून आठ-दहाने वाढली असेल किंवा भूक उणावली असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही.

नवव्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. मुलाने नारळीभात दोन वाढपे खाल्ला. दहाव्या दिवशी पोट जड, ढेकर सदोष, नाडी 78. आम्ही रागावलो नाही. सणाला गोड खाऊ नये असे सांगणारा वैद्य कोकणात फार दिवस टिकत नाही. एक वेळ लंघन, एक दिवस पेज, दोन दिवस व्यायाम बंद. तेराव्या दिवशी पुन्हा धाव सुरू झाली, पंधराव्या दिवशी पोळी-भाजीचे पूर्ण जेवण, आणि अठराव्या दिवसापासून सोळाशे मीटर वेगाविना पूर्ण. वेगाचा सराव चाचणीपूर्वी केवळ दोन वेळा करता आला. चाचणीत त्यास 5 मिनिटे 42 सेकंद लागले. आजारापूर्वीची त्याची उत्तम वेळ 5 मिनिटे 21 सेकंद होती. वीस गुणांच्या या धावेत त्याचे काही गुण गेले. पंधरवड्यात पूर्वबल परत येईल असे आश्वासन आम्ही त्यास प्रथमपासून दिले नव्हते.

हा क्रम कोणास लावू नये, तेही महत्त्वाचे आहे. डेंग्यूत धोक्याची वेळ ज्वर उतरतानाच येते. ताप गेला परंतु पोटात सतत दुखते, वांती थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येते, ग्लानी वाढते, तर तो ज्वरमुक्त नव्हे. त्याच तासाला रुग्णालयात पाठवावा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यास पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे व उणे मूत्र असल्यास लेप्टोस्पायरोसिसची तपासणी विलंब न लावता करावी. सायंकाळी पुन्हा ज्वर चढत असेल तर आंत्रिक ज्वराचा विचार करावा. अन्नाचा वासही नकोसा वाटतो व मूत्र गडद पिवळे आहे, तर ती साधी अरुची नसून कामलेची पूर्वसूचना असू शकते. त्यास हिंग्वष्टक देऊन चालणार नाही. आणि धावताना छातीत दुखणे, धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास हृदयाच्या स्नायूस शोथ नाही याची खात्री हृद्रोगतज्ज्ञाकडून होईपर्यंत व्यायाम पूर्ण बंद ठेवावा. शोथ निश्चित झाल्यास ही बंदी काही महिन्यांची असते, आणि चाचणी तोंडावर आली असली तरी मुलास व त्याच्या वडिलांस समोर बसवून ती सांगावी लागते.