मागणीपत्र, आवक-चिठ्ठी आणि बीजक यांचा मेळ

गावच्या संस्थेने, किंवा पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून, खत अथवा पेंड घाऊक मागविली म्हणजे त्या एका व्यवहाराचे तीन कागद तयार होतात. पहिला मागणीपत्र, आपण काय, किती व कोणत्या दराने मागविले हे त्यात असते. दुसरा आवक-चिठ्ठी; गोदामी प्रत्यक्ष किती माल उतरला हे आपल्या माणसाने तीत लिहावयाचे असते. तिसरा पुरवठादाराचे बीजक, म्हणजे बिल. रक्कम चुकती करण्यापूर्वी हे तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहावयाचे. बिलातील दर मागणीपत्राशी जुळला पाहिजे आणि बिलातील वजन आवक-चिठ्ठीशी जुळले पाहिजे, हा त्यातील मुख्य नियम होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका संस्थेने निंबोळी पेंडीची 200 पोती मागविली. दर पोत्यात निव्वळ 50 किलो, एकूण 100 क्विंटल. दर क्विंटलास 2,400 रुपये, गोदामपोच. मालमोटार आली तेव्हा भरलेल्या गाडीचे वजन काट्यावर 16,340 किलो भरले व रिकाम्या गाडीचे 6,680 किलो. वजा जाता 9,660 किलो राहिले. पोती मोजली ती 196 निघाली. रिकाम्या पोत्याचे वजन करून पाहता ते सुमारे 100 ग्रॅम भरले. तेव्हा बारदानाचे सुमारे 20 किलो वजा करून निव्वळ पेंड 9,640 किलो, म्हणजे 96.40 क्विंटल, असे आवक-चिठ्ठीत लिहिले गेले. पुढे बीजक आले ते 200 पोती, 100 क्विंटल, दर 2,450 रुपये, एकूण 2,45,000 रुपये असे होते. सोयीसाठी कराची रक्कम येथे सोडून दिली आहे.

आता मेळ घालू. वजनात 3.60 क्विंटल कमी. ठरलेल्या दराने त्याचे 8,640 रुपये होतात. दरात क्विंटलामागे 50 रुपये जास्त. बीजकातील 100 क्विंटलांवर ते 5,000 रुपये होतात. एकूण फरक 13,640 रुपये. देणे असलेली रक्कम 96.40 क्विंटल गुणिले 2,400, म्हणजे 2,31,360 रुपये एवढीच होय. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसती पोती मोजली असती तर चार पोत्यांची, म्हणजे दोनच क्विंटलांची, तूट सापडली असती. उरलेले 160 किलो भरलेल्या पोत्यांतच कमी होते, व ते काट्यावाचून कळले नसते.

ही सारी पद्धत आवक-चिठ्ठीच्या खरेपणावर उभी आहे. पुष्कळ ठिकाणी गाडीवाला पुरवठादाराचे चलन पुढे करतो आणि गोदामातील माणूस त्यावरील आकडाच चिठ्ठीत उतरवून घेतो. असे झाले म्हणजे चिठ्ठी व बीजक हे एकाच हातचे दोन कागद होतात. मेळ बिनचूक बसतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. महिनोन्‌महिने प्रत्येक चिठ्ठीत चलनाइतकाच गोल आकडा दिसू लागला, तर वजन होत नाही असे समजावे. ह्यावर उपाय असा की, गोदामास मागणीपत्राची जी प्रत द्यावयाची तीत मालाचे नाव असावे, परंतु परिमाणाचा रकाना कोरा ठेवावा. मोजून, तोलून तो त्यानेच भरावा, आणि बिल मंजूर करणारा मनुष्य दुसरा असावा.

दर फरकासाठी मात्र बिल अडवून धरणे व्यवहार्य नाही. मोठा काटा पाच-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवितो, आणि पेंडीतील ओलही वाटेत थोडी कमी होते. म्हणून वजनात किती फरक चालवून घ्यावयाचा हे संस्थेने आधीच ठरवावे. शेकडा अर्धा टक्का धरला तर वरील उदाहरणात तो 50 किलो होतो. दरास अशी सूट देण्याचे कारण नाही, कारण दर हा मोजण्याचा नसून कबूल केलेला असतो.

फरक सापडल्यास बीजकावर खाडाखोड करू नये. मागणीपत्र व काट्याची पावती यांच्या प्रती जोडून पुरवठादारास लेखी कळवावे व जमापत्र, म्हणजे क्रेडिट नोट, मागावी. 2017 च्या वस्तू व सेवा कर कायद्यात त्याची तरतूद असून, त्यायोगे जास्त आकारलेला करही कमी होतो. माल हप्त्यांनी येत असेल तर प्रत्येक आवक मूळ मागणीपत्रावर नोंदवावी, आणि मेळ झालेल्या चिठ्ठीवर बीजकाचा क्रमांक घालावा. नाहीतर त्याच चिठ्ठीच्या आधाराने दुसरे बिलही मंजूर होऊन जाते.

पेंडीत भेसळ आहे काय, अथवा मागणीपत्रातील दरच बाजाराहून चढा होता काय, हे ह्या मेळातून कळत नाही. पहिल्यासाठी नमुना तपासून घ्यावा लागतो, व दुसऱ्यासाठी मागणीपूर्वी दोन-तीन ठिकाणचे भाव मागवावे लागतात.