दूध पोटात गेलं का, हे काटा सांगतो

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, महाळुंग्याला आली. नातवाचा ओठ छान होता, पण टाळूला फट होती, पडजिभेपासून थेट कठीण टाळूच्या अर्ध्यापर्यंत. पुढचे काही महिने त्याला दूध पाजण्याचं बरंचसं काम माझ्याकडे होतं. शाळेत शिकवताना सगळं वहीत लिहून ठेवायची सवय लागली होती, ती इथे कामी आली. त्या वहीतून जे शिकले ते लिहिते आहे.

१. टाळू डोळ्यांनी पाहायचा

ओठ फाटलेला असला की जन्मल्याबरोबर सगळ्यांना दिसतं. नुसता टाळू दुभंगलेला असला तर तो तोंडात लपून राहतो. तोंडात बोट फिरवून 'टाळू ठीक आहे' म्हणणं पुरेसं नाही, कारण मागचा मऊ टाळू बोटाला नीट समजत नाही. जीभ खाली दाबून, बॅटरीच्या उजेडात पडजिभेपर्यंत पाहावं लागतं. घरच्यांना मात्र काही खुणा आधीच कळतात. बाळ अंगावर घेतलं की चटचट असा आवाज येतो, दूध नाकातून बाहेर येतं, आणि तासभर पाजूनही बाळ भुकेलंच राहतं. या तिन्ही गोष्टी दिसल्या तर 'आईला दूधच नाही' असं ठरवण्याआधी टाळू दाखवून घ्या.

२. गिळणं येतं, ओढणं जमत नाही

ही एक गोष्ट समजली आणि पुढचं सगळं सोपं झालं. चोखताना बाळाच्या तोंडात हवेची पोकळी तयार व्हावी लागते, तरच दूध ओढलं जातं. टाळूला फट असली की तोंड आणि नाक एक होतात आणि ती पोकळी होतच नाही. चीर गेलेल्या स्ट्रॉने सरबत ओढून पाहा, तसंच ते आहे. पण अशा बहुतेक बाळांचं गिळणं चांगलं असतं. म्हणजे दूध जिभेवर पोचवण्याचं काम आपण करायचं, गिळण्याचं बाळ करतं.

म्हणून फक्त टाळू फाटलेल्या बाळाला निव्वळ अंगावरच्या दुधावर पोट भरता येईल अशी आशा धरू नये. नुसता ओठ फाटलेला असला तर बरीच बाळं अंगावर पितात, तो प्रश्न वेगळा आहे. आईचं दूध मात्र द्यायचंच, काढून द्यायचं. पहिल्या दिवसापासून चोवीस तासांत आठेक वेळा, रात्रीसुद्धा, हाताने किंवा पंपाने काढलं तरच ते टिकतं. जवळिकीसाठी बाळाला छातीशी जरूर धरावं, पण ते पाजणं म्हणून वहीत धरू नये.

शेजारच्या एक-दोघींनी ग्रहणात काही चिरलंस का, असं लेकीला विचारलं. मी त्यांना तिथेच थांबवलं. ग्रहणात विळी हातात घेतल्याने टाळू फाटत नाही. बाळंतिणीच्या मनावर हे ओझं टाकलं की तिचं दूध काढणंच आधी मंदावतं.

३. बाटली कोणती

दवाखान्याच्या भिंतीवर 'बाटली नको' असं लिहिलेलं असतं, आणि ते इतर बाळांसाठी अगदी योग्य आहे. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानेच दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. पण या बाळाला साधन लागतंच, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

साधी बाटली घेऊन तापलेल्या सुईने बुचाचं भोक मोठं करायचा सल्ला आम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळाला. तो ऐकू नये. भोक मोठं झालं की धार बाळाच्या हाती राहत नाही, ती आपोआप घशात पडते आणि बाळाला ठसका लागतो. उपयोगी पडतात ते तीन प्रकार. पहिला, मऊ प्लॅस्टिकची दाबता येणारी बाटली. बाळ चोखतं तेव्हाच हलकेच दाबायची, थांबलं की सोडायची. दुसरा, टाळूसाठीची खास बाटली, जिच्या बुचात एकमार्गी झडप असते. बुचात आलेलं दूध परत बाटलीत जात नाही, म्हणून बाळाने नुसतं हिरड्या-जिभेने दाबलं तरी दूध मिळतं. यातल्या काही बुचांची एक बाजू जाड आणि एक पातळ असते, जाड बाजू वर टाळूकडे आणि पातळ खाली जिभेवर ठेवायची. हवेची खाच नाकाकडे येते. अशाच झडपेच्या एका बाटलीची रचना मँडी हेबरमन या इंग्रज आईने केली, कारण १९८० मध्ये जन्मलेल्या तिच्या मुलीला दूध ओढता येत नव्हतं.

तिसरा प्रकार आपल्या घरचाच, बोंडलं. दक्षिणेकडे त्याला पालाडाई म्हणतात आणि नवजात अतिदक्षता विभागांतही ते वापरतात. चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवून थेंब-थेंब सोडायचं, बाळ गिळेपर्यंत थांबायचं. बोंडल्याला कानेकोपरे नसल्याने ते घासून उकळणं सोपं जातं. झडपेची बाटली मात्र प्रत्येक वेळी पूर्ण सुटी करून धुवावी लागते, झडपेखाली साय अडकली तर ती नीट काम करत नाही. आम्ही पुढे दिवसा खास बाटली वापरली, आणि बाटली उकळत असेल तेव्हा बोंडलं.

४. आडवं पाजायचं नाही

बाळाला जवळजवळ बसवून, पाठ-मान एका रेषेत, डोकं माझ्या कोपराच्या खळग्यात, हनुवटी किंचित खाली असं धरायचं. मान मागे पडली की गिळणं बिघडतं. आडवं पाजलं तर दूध फटीतून नाकात जातं आणि कानाकडेही. टाळू फाटलेल्या बाळांच्या मधल्या कानात पाणी साचण्याचं प्रमाण तसंही खूप असतं, म्हणून त्यांची ऐकण्याची तपासणी चुकवू नये.

नाकातून दूध आलं की घरात आरडाओरडा होतो. घाबरायचं कारण नाही, नाकातून येणं म्हणजे फुप्फुसात जाणं नव्हे. बूच काढायचं, बाळाला शिंकू द्यायचं, तोंड पुसायचं, पुन्हा सुरू करायचं. वारंवार येत असेल तर बाळाला आणखी सरळ धरायचं आणि धार कमी करायची. धार जास्त झाल्याची खूण चेहऱ्यावरच दिसते. डोळे विस्फारतात, बोटं ताणली जातात, ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळतं. ही बाळं हवाही बरीच गिळतात, तेव्हा दोन-तीन चमचे दूध गेलं की एकदा खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा.

५. अर्ध्या तासाची मर्यादा आणि काट्याची भाषा

बाटली रिकामी झाली, बाळ झोपलं, म्हणजे पोट भरलं असं नाही. थकूनही बाळ झोपतं. आमच्या वहीतलं उदाहरण सांगते. जन्मवजन २,८०० ग्रॅम. पाचव्या दिवशी २,६००. एवढी उतरण सगळ्याच बाळांत थोडीफार होते. चौदाव्या दिवशी काटा २,६४० वर. नऊ दिवसांत चाळीस ग्रॅम, म्हणजे दिवसाला चार-पाच. या वयात रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ हवी, आणि दोन आठवड्यांच्या आसपास जन्मवजन परत यायला हवं.

मग वही उघडली. आठ वेळा पाजत होतो, प्रत्येक वेळी पस्तीस मिलि, म्हणजे दिवसाला २८०. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला किलोमागे साधारण १५० मिलि लागतं. २,६४० ग्रॅमला ते होतं सुमारे ४००. शिवाय एकेका वेळी पन्नास मिनिटं लागत होती. पाजणं अर्ध्या तासापलीकडे गेलं की मिळालेल्या दुधातली बरीच शक्ती पिण्यातच खर्च होते. डॉक्टरांनी वही पाहिली आणि दाबायच्या बाटलीऐवजी झडपेची बाटली द्यायला सांगितली. वेळ पंचवीस मिनिटांवर आली, प्रत्येक वेळी पन्नास मिलि जाऊ लागलं. पुढच्या सात दिवसांत १९० ग्रॅम वाढले, दिवसाला सत्तावीस. बाळ तेच, दूधही तेच होतं.

वजन नेहमी त्याच काट्यावर, बिनकपड्याचं, साधारण त्याच वेळी घ्या. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात आणि बाळाचं वजन करतात. त्या भेटी सोडू नका. पण दोन काट्यांतला फरक एका आठवड्याच्या वाढीएवढा असू शकतो, म्हणून मधली वजनं दवाखान्याच्या एकाच इलेक्ट्रॉनिक काट्यावर घ्या. दरम्यान घरची खूण म्हणजे लघवी. पाचव्या दिवसानंतर दिवसाला किमान सहा वेळा व्हायला हवी.

६. वही आणि कागद

वहीत सात रकाने पुरतात: वेळ, किती दिलं, किती उरलं, किती मिनिटं, नाकातून आलं का, लघवी-शी, आणि वजनाच्या दिवशी वजन. सांडलेलं दूध अंदाजाने वजा करायचं, नाहीतर आकडा फसवा होतो. माता-बाल संरक्षण कार्डावरच्या वाढीच्या आलेखावर प्रत्येक वजनाचा ठिपका पडलाच पाहिजे. एक ठिपका काहीच सांगत नाही, दोन-तीन जोडले की रेघ वर जाते की आडवी पडते ते समजतं.

डिस्चार्ज कार्डावर 'टाळू दुभंगलेला, मऊ आणि कठीण टाळू' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'पिण्याची तक्रार' असं लिहिलेलं पुढे उपयोगी पडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला, आणि फाटलेला ओठ-टाळू हा त्यातल्या तपासायच्या दोषांपैकी एक आहे. त्या कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयाच्या केंद्राकडे पाठवलं जातं. आमचं महाळुंगे जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. अशा सीमेवरच्या गावांनी आपली नोंद आशाताईकडे कोणत्या केंद्रात आहे, हे एकदा विचारून कार्डावर लिहून घ्यावं.

७. कधी थांबायचं नाही

पिताना ओठ निळे पडले, श्वास फार जोरात चालू लागला, प्रत्येक वेळी खोकला येऊ लागला, ताप आला किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर बाटली बदलत बसू नये, दवाखाना गाठावा. बाळाची हनुवटी खूप लहान असेल तर जीभ मागे पडून श्वास अडतो. अशा बाळाला घरच्या उपायांवर ठेवू नये, त्याला कसं निजवायचं हेही डॉक्टरच ठरवतात. गुटी, पातळ पेज सहा महिन्यांच्या आत नको, मध तर वर्षाच्या आत नको. फटीत अडकणारं काहीही नको.

टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या सुमाराला होते, आणि बाळ भूल सोसण्याएवढं वाढलेलं आहे का, हे भूलतज्ज्ञ आधी पाहतात. ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांनी आजच एक वही घ्यावी, आणि उद्या सकाळी काट्यावर पहिला आकडा लिहून ती डॉक्टरांना दाखवावी.