31 मार्चचा ताळेबंद आणि भांडवलाचा खरा दर

भांडवलाचा भारित सरासरी खर्च, म्हणजे हिशेबनीसांच्या बोलण्यातला ‘वॅक’, हा उद्योगात पैसा गुंतवणाऱ्या सर्वांना मिळून वर्षाला किती परतावा द्यावा लागतो हे सांगणारा दर आहे. बँकेला व्याज हवे असते आणि मालकाला नफा. दोघांचे दर वेगळे असल्याने ज्याचा जितका वाटा तितके वजन देऊन सरासरी काढतात. बँकेला दिलेले व्याज करपात्र नफ्यातून वजा होत असल्याने कर्जाचा दर करबचत वजा करून घेतात. सूत्र इतकेच:

WACC = (E/V) × Ke + (D/V) × Kd × (1 − T)

यात E म्हणजे भागभांडवलाचे बाजारमूल्य, D म्हणजे कर्जाचे बाजारमूल्य, V त्या दोहोंची बेरीज, Ke मालकाला अपेक्षित परतावा, Kd व्याजदर आणि T कराचा दर. सूत्र एका ओळीत मावते, पण त्यात घालायचे आकडे कुठून आणायचे यावर सगळे अवलंबून असते. प्रस्तुत लेखकाने मराठवाड्यातल्या प्रक्रिया उद्योगांचे प्रकल्प-अहवाल तपासताना हा दर बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा कमी निघालेला पाहिला आहे, आणि कारणे जवळपास तीच ती असतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या परिसरात हळद साफ करून, पॉलिश करून, दळून विकणारी एक खासगी मर्यादित कंपनी नमुना म्हणून धरू. उलाढाल 140 कोटी आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 30 कोटी. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार हा मध्यम उद्योग ठरतो. ताळेबंदात भागभांडवल व राखीव निधी मिळून 20 कोटी, मुदत कर्ज 15 कोटी आणि कॅश क्रेडिटची उचल 25 कोटी दिसते. सरळ हिशेब केला तर एकूण 60 कोटींपैकी 40 कोटी कर्ज, म्हणजे कर्जाचे वजन दोन तृतीयांश.

पहिली चूक इथेच होते. या 60 कोटींत दोन आकडे फसवे आहेत.

पहिला आकडा कॅश क्रेडिटचा. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते, मग शिजवून वाळवली जाते, आणि हिंगोली व वसमतच्या बाजारात मोठी आवक उन्हाळ्यापर्यंत चालते. प्रक्रिया करणारा वर्षभराचा माल याच काळात भरतो. म्हणून 31 मार्चला त्याची उचल शिखराजवळ असते, दिवाळीपर्यंत माल विकला जातो तशी ती उतरते. ताळेबंद मात्र त्याच एका दिवसाचा फोटो दाखवतो. बँकेचा खातेउतारा काढून बारा महिन्यांच्या अखेरच्या शिलकांची सरासरी घेतली, तर नमुन्यातल्या कंपनीची उचल 15 कोटी निघते असे धरू. शिखरावरचे जादा 10 कोटी गोदामातल्या तात्पुरत्या साठ्यात अडकलेले असतात आणि साठ्याबरोबरच सुटतात. कायमस्वरूपी कर्ज म्हणून मुदत कर्जासह 30 कोटीच धरावे. सोयाबीनच्या उद्योगात खरेदीचा हंगाम वेगळा असल्याने 31 मार्चचा आकडा वेगळ्या प्रकारे फसवतो. उपाय मात्र तोच, बारा महिन्यांची सरासरी.

दुसरा आकडा भागभांडवलाचा. 20 कोटी म्हणजे मालकांनी पूर्वी घातलेले आणि आजवर नफ्यातून राखलेले पैसे. आज कंपनी विकली तर हातात किती येईल, हे त्यातून कळत नाही. परतावा मात्र आजच्या किमतीवर मागितला जातो, कारण मालक आज विकून तो पैसा दुसरीकडे लावू शकतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्याने किंमत अंदाजाने काढावी लागते. व्याज, घसारा व कर यांपूर्वीचा नफा 12.5 कोटी आहे आणि अशा धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्यांचा गुणक आकार व विक्रीची अडचण लक्षात घेऊन कमी करत 6 ठरवला, तर पूर्ण उद्योगाची किंमत 75 कोटी. त्यातून 30 कोटी कर्ज वजा जाता भागभांडवलाचे बाजारमूल्य 45 कोटी. वजने झाली 60 आणि 40. गुणक हाच या हिशेबातला सर्वात मऊ भाग असल्याने तो 5 आणि 7 धरूनही दर काढून पाहावा.

कर्जाच्या बाजारमूल्याबाबत मात्र फारसे डोके खपवायला नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे 1 एप्रिल 2020 पासून मध्यम उद्योगांना बँकांनी दिलेली नवी बदलत्या दराची कर्जे रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असतात. दर बाजाराबरोबर सरकत असल्याने पुस्तकी शिल्लक आणि बाजारमूल्य जवळपास एकच येते. जुने स्थिर दराचे कर्ज असेल तरच आजच्या दराने त्याचे वर्तमानमूल्य काढावे. संचालकांच्या घरच्यांनी दिलेले बिनव्याजी ‘असुरक्षित कर्ज’ ताळेबंदात कर्ज म्हणून दिसते, पण बँकेच्या अटीमुळे ते बँकेचे कर्ज फिटण्याआधी काढता येत नसेल तर ते भागभांडवलातच धरावे. त्याला शून्य खर्च लावणे म्हणजे घरच्यांची जोखीम फुकट समजणे.

आता दर. व्याज 10.5 टक्के. कंपनीने कलम 115बीएए निवडले असेल तर 22 टक्के कर, 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर मिळून प्रत्यक्ष दर 25.168 टक्के होतो. करबचत वजा जाता कर्जाचा दर 7.86 टक्के. मालकाचा दर काढण्यासाठी जोखीममुक्त दर 7, बाजाराचे जोखीम अधिमूल्य 7 आणि लहान, न विकल्या जाणाऱ्या कंपनीसाठी जादा 3 टक्के धरू. नोंदणीकृत कंपन्यांचा कर्जाचा परिणाम काढून टाकलेला बीटा 0.8 असेल, तर तो या कंपनीच्या कर्जाच्या प्रमाणाला जुळवून घ्यावा लागतो: 0.8 × (1 + 0.748 × 30/45), म्हणजे 1.2. मालकाचा दर 7 + 8.4 + 3 = 18.4 टक्के. सरासरी: 0.6 × 18.4 आणि 0.4 × 7.86 मिळून 14.18 टक्के.

पुस्तकी वजने वापरून, पण मालकाचा दर तोच 18.4 ठेवून हिशेब केला तर उत्तर 11.37 येते. जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक. खरोखरच दोन तृतीयांश कर्ज असते, तर मालकाची जोखीमही वाढली असती. बीटा 2 च्या घरात, मालकाचा दर 24 टक्के आणि सरासरी 13.24. म्हणजे फरकाचा मोठा भाग कर्जाचे वजन वाढवून मालकाचा दर जागच्या जागी ठेवल्याने आला. एक वजन हलवले की बीटा पुन्हा काढलाच पाहिजे. अहवालात कर्जाचे वेगवेगळे पर्याय मांडले आहेत आणि मालकाचा दर सगळीकडे सारखाच आहे, असे दिसले की चूक ओळखावी.

याचा परिणाम प्रत्यक्ष निर्णयावर होतो. कंपनी 10 कोटींचे गोदाम व नवी दळण यंत्रणा उभारते, त्यातून आठ वर्षे दरसाल करोत्तर 2 कोटी येतात. 11.37 टक्क्यांनी वर्तमानमूल्य 10.16 कोटी भरते, प्रकल्प 16 लाखांनी फायद्यात. 14.18 टक्क्यांनी ते 9.22 कोटी, म्हणजे 78 लाखांचा तोटा. यंत्र, हळद, भाव काही बदलले नाही, फक्त वजने बदलली.

करबचतीत आणखी एक खड्डा आहे. ती दरात एकदा धरली की रोख प्रवाहात पुन्हा धरता येत नाही. बँकेसाठी केलेल्या तक्त्यांत निव्वळ नफा अधिक घसारा हा आकडा असतो, तो व्याज वजा करून काढलेला असतो. परतफेडीची क्षमता पाहायला तो योग्य, पण 14.18 टक्क्यांनी वर्तमानमूल्य काढायला अयोग्य. तिथे कर व्याजापूर्वीच्या नफ्यावर मोजायचा आणि व्याज वजा करायचेच नाही. तक्त्यात कराच्या ओळीच्या वर व्याजाची ओळ दिसली तर व्याज आणि करबचत दोन्ही दुसऱ्यांदा मोजली गेली आहेत.

शिवाय करबचत ही कर भरणाऱ्यालाच मिळते. 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 43ब नुसार बँकेचे व्याज विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष भरले तरच वजावट मिळते, आणि थकलेले व्याज नव्या कर्जात बदलून घेतले तर ते भरले असे धरत नाहीत. म्हणजे पैशांची चणचण असते नेमक्या त्याच वर्षी बचत लांबते. तोट्याच्या वर्षीही तसेच. 100 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना आर्थिक वर्ष 2018-19 ते 2023-24 या काळात कलम 80पीएखाली पात्र नफ्यावर पूर्ण वजावट होती, त्यामुळे त्या नफ्यापुरता T नेहमीच्या दराने धरता येत नव्हता. भागीदारी संस्थेला अधिभार नसेल तर दर 31.2 टक्के, म्हणून तिची बचत जास्त. दुसऱ्याच्या अहवालातला कराचा दर उचलण्याआधी संस्थेचे कायदेशीर रूप पाहावे.

शेवटचा प्रश्न सवलतीच्या व्याजाचा. कृषी पायाभूत सुविधा निधीतून 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर कमाल सात वर्षे 3 टक्के व्याज सवलत मिळते. गोदाम त्यात बसले म्हणून 10.5 च्या जागी 7.5 टक्के लिहिण्याचा मोह होतो. पण ती सवलत त्या 2 कोटींपुरती आणि त्या मुदतीपुरती आहे. पूर्ण कंपनीच्या दरात ती मिसळली तर पुढचे प्रकल्पही उगाच स्वस्त दिसतात. तसेच या प्रकल्पाला बँक 70 टक्के कर्ज देत असेल आणि ते सात वर्षांत फिटत असेल, तर 60:40 हे वजन दरवर्षी खोटे ठरते. अशा वेळी एकच सरासरी दर सोडून स्ट्यूअर्ट मायर्स यांनी 1974 मध्ये मांडलेली पद्धत घ्यावी: आधी प्रकल्प कर्जाविना मोजायचा, मग कर्जाचे फायदे वेगळे मिळवायचे.

कर्जाविना बीटा 0.8, दर 15.6 टक्के, वर्तमानमूल्य 8.80 कोटी, म्हणजे 1.20 कोटींचा तोटा. 7 कोटींच्या कर्जाची मुद्दल सात समान हप्त्यांत फेडली, तर पहिल्या वर्षी 18.5 लाखांची करबचत, मग ती घटत जाते. 10.5 टक्क्यांनी तिचे वर्तमानमूल्य सुमारे 56 लाख. व्याज सवलत करानंतर सुमारे 13 लाख. दोन्ही मिळवूनही प्रकल्प 50 लाखांच्या आसपास तोट्यातच राहतो. तो चालवायचा असेल तर वर्षाला 2 कोटींपेक्षा सुमारे 11-12 लाख जास्त कमाई कुठून येईल, हे आधी दाखवावे लागेल.