प्रमाणपत्रं कमी, हिशोब जास्त दाखवा

दरवर्षी पदवीचे निकाल लागले की औराद, संतपूर, भालकी, उदगीर या पट्ट्यातून तेच दोन प्रश्न येतात. मुलं विचारतात, ‘मार्केटिंगमध्ये जायचंय, पण अनुभव नाही. पोर्टफोलिओत टाकू काय?’ आणि वडील विचारतात, ‘हैदराबादला लावू की पुण्याला? कोर्सवाले नोकरीची हमी देतात.’

आधी वडिलांना सांगतो. सध्या कुठेही लावू नका. जाहिरात कशी लावायची, आकडे कसे वाचायचे, हे गूगलच्या स्किलशॉपवर फुकट शिकता येतं आणि परीक्षा दिली की प्रमाणपत्रही मिळतं. तेवढ्यासाठी सोयाबीनचे पैसे मोडू नका. एमबीएच करायचं असेल तर कर्नाटकात पीजीसीईटी आहे, महाराष्ट्रात सीईटी आहे. तो रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे.

आता मुलांना. तुमच्या फायलींमध्ये मला दोनच गोष्टी दिसतात: पाच-सहा प्रमाणपत्रं आणि मोठ्या कंपन्यांच्या नावाने बनवलेली पोस्टरं. कोल्ड्रिंकचं पोस्टर सुंदर असेलही, पण त्यातून एक बाटली जास्त खपली का, हे तुम्हालाही सांगता येत नाही. नोकरी देणाऱ्याला रंगसंगती पाहायची नसते. गिऱ्हाईक कोण, त्याला काय सांगितलं, खर्च किती झाला आणि हाती काय आलं, एवढंच त्याला पाहायचं असतं. हे चारही प्रश्न संतपुरातल्या एका दुकानावर सोडवता येतात.

उदाहरण तूरडाळीचंच घेऊ. गावात कुणीतरी आपली तूर भरडून डाळ विकतंच. त्यांच्याकडे जा आणि म्हणा, ‘मामा, दोन महिने तुमच्या डाळीची जाहिरात मी बघतो. पैसे नकोत, फक्त विक्रीची वही बघू द्या.’ ही परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. फाइलमध्ये दुकानाचं नाव टाकलेलं चालेल का, तेही तेव्हाच विचारा.

पहिला आठवडा फक्त विचारपूस करा. दहा गिऱ्हाइकांना फोन करा, पण ‘डाळ कशी वाटली?’ असं विचारू नका. सगळे ‘छान’ म्हणतील आणि तुम्हाला काही कळणार नाही. विचारा: मागची डाळ कुठून घेतली, किती घेतली, घरापर्यंत कुणी आणून दिली? समजा उत्तरांतून असं निघालं, की हैदराबादला राहणारी माणसं येळवशीला गावी येतात, तेव्हा डाळ घेऊन जातात, आणि ती संपली की नाइलाजाने तिथल्या दुकानातली घेतात. म्हणजे अडचण चवीची नाही, पोचवण्याची आहे. हे वाक्य तुमच्या पोर्टफोलिओचं पहिलं पान.

मग मजकूर. ‘शुद्ध, पौष्टिक, उत्तम प्रतीची डाळ, आजच खरेदी करा’ असं कुणीही लिहितं. त्याऐवजी असं लिहा: ‘यंदाची तूर, संतपुरात भरडलेली, पॉलिश नाही. पाच किलोची पिशवी शनिवारच्या बसने हैदराबादला येते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा.’ यातला प्रत्येक शब्द मालकाकडून तपासून घ्या. पॉलिश केलेली असेल तर ‘पॉलिश नाही’ लिहायचं नाही. गुलबर्गा तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते नाव खपतं म्हणून संतपूरच्या पिशवीवर टाकू नका. मानांकनाचं नाव नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांनीच वापरायचं असतं. मुलाखतीत हे सांगितलंत, तर या मुलाला जाहिरातीतली जबाबदारी कळते, हे समोरच्याच्या लक्षात येईल.

निरोप व्हॉट्सॲप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवताना एक मेख आहे. ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच तो पोचतो. मुलं साठ जणांना पाठवतात, वीस जणांना मिळतो आणि ‘प्रतिसाद नाही’ म्हणून मजकुराला दोष देतात. आधी नंबर सेव्ह करून घ्या, मग निरोप किती जणांना पोचला ते पाहा आणि टक्केवारी त्या आकड्यावर काढा. मजकुराचे दोन नमुने तीस-तीस जणांना पाठवले आणि एकाला चार, दुसऱ्याला सहा उत्तरं आली, तर दुसरा जिंकला असं लिहू नका. एवढ्या थोड्या माणसांत तो योगायोगही असू शकतो, असं स्पष्ट लिहा.

आता पैसे. आकडे समजण्यापुरते धरू. फेसबुकवर हजार रुपयांची जाहिरात दिली, चाळीस जणांनी चौकशी केली, आठ जणांनी पाच-पाच किलो डाळ घेतली. गाडीभाडं गिऱ्हाइकाचं. मालकाला किलोमागे पंधरा रुपये सुटतात, म्हणजे पिशवीमागे पंच्याहत्तर. आठ पिशव्यांचे झाले सहाशे आणि जाहिरातीला गेले हजार. चारशेचा तोटा. बहुतेक मुलं इथे घाबरून हे पान फाडतात. फाडू नका. दोन महिन्यांनी त्याच आठांपैकी पाच जणांनी जाहिरातीशिवाय पुन्हा पिशवी मागवली, तर आणखी तीनशे पंच्याहत्तर आले आणि तोटा पंचवीस रुपयांवर आला. पुढच्या एका पिशवीला जाहिरात फायद्यात. यावरून तुमचा निष्कर्ष निघतो: पुढचे हजार रुपये नव्या जाहिरातीत न घालता जुन्या गिऱ्हाइकांना वेळेवर आठवण करून देण्यावर लक्ष द्यावं. अशा एका निष्कर्षाला पाच प्रमाणपत्रांपेक्षा जास्त वजन असतं.

सीमाभागातल्या मुलांना स्वतःची जमेची बाजू दिसत नाही, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही’ हे रडगाणं पुरे. तुमच्या घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, आणि जहीराबादकडे सोयरीक असेल तर तेलुगूही. बियाणं, खतं, ट्रॅक्टर, सोनं, शेतीकर्ज विकणाऱ्या कंपन्यांना मराठवाडा, कल्याण कर्नाटक आणि तेलंगणात एकाच वेळी बोलावं लागतं. पुण्यात बसून केलेलं भाषांतर औरादच्या शेतकऱ्याला परकं वाटतं. डाळीचा तोच निरोप कन्नडमध्ये नव्याने लिहा, कन्नड घरांत पाठवा आणि काय बदललं ते नोंदवा: दर आधी विचारला की पोचण्याचा दिवस? हे पान पुण्या-मुंबईच्या मुलांच्या फाइलमध्ये सहसा नसतं.

अशी दोन-तीन कामं पुरेत. प्रत्येक काम दोन पानांत, पीडीएफमध्ये. जे दुकानासाठी खरोखर केलं त्यावर ‘प्रत्यक्ष काम’ लिहा, जे घरी केलं त्यावर ‘सराव’. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर स्क्रीनशॉटवरून खोडा. गूगल ड्राइव्हची लिंक देणार असाल तर ती `Anyone with the link` वर ठेवा आणि दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. लिंक उघडली नाही तर परवानगी मागत बसायला कुणाला वेळ नसतो.

शेवटी पालकांना पुन्हा. मुलगी दोन महिने डाळीच्या दुकानात वही घेऊन बसली, तर ‘पदवी घेऊन हेच करायचं होतं का?’ असं चारचौघांत म्हणू नका. मुलाखतीची वेळ ठरवायला तुम्ही फोनही करू नका, त्याने पोरीचं काम बिघडतं. कोर्सची फी भरायची असेल तर दोन महिन्यांनी भरा. तोवर तिला काय येत नाही, हे तिलाच नेमकं कळलेलं असेल. आत्ता जाहिरातीसाठी हजार रुपये द्या आणि त्यांचा हिशोब मागा.