पाळीच्या दुखण्यासाठी रजा : अर्ज कसा लिहावा?

ताडीवाला रोडवरची एक मुलगी तिचा अर्ज मला दाखवायला घेऊन आली. त्यात फक्त एवढंच होतं, "प्रकृती ठीक नसल्याने पेपर देता आला नाही." अशा अर्जावर प्राचार्य काय ठरवणार? "पोटात एवढं दुखतं की उलट्या होतात, उभं राहवत नाही," हे तिने लाजेपोटी लिहिलंच नव्हतं. आम्ही बसून अर्ज पुन्हा लिहिला :

"मा. प्राचार्य, महोदय,
मी द्वितीय वर्ष वाणिज्य वर्गात शिकते. मासिक पाळीच्या तीव्र वेदना व उलट्यांमुळे दि. १२ व १३ रोजी अंतर्गत परीक्षेस बसू शकले नाही. सरकारी रुग्णालयाचा केसपेपर व डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या दोन दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर करून फेरपरीक्षेची संधी द्यावी, ही विनंती."

अर्जात आजाराचं नाव, तारखा, पुरावा आणि नेमकी मागणी, या चार गोष्टी हव्यात. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर कार्यालयाची पोच घ्या.

एक मर्यादा लक्षात ठेवा. अंतर्गत परीक्षा कॉलेज घेतं, म्हणून ती पुन्हा घेणं कॉलेजला शक्य असतं. विद्यापीठाच्या पेपरची तारीख प्राचार्य बदलू शकत नाहीत. त्या वेळी दाराजवळची जागा, शौचालयाला जाण्याची मुभा आणि गोळी-पाणी जवळ ठेवण्याची परवानगी आधीच मागावी. केरळने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठातल्या मुलींना पाळीसाठी हजेरीत २ टक्के सूट दिली, ७५ ऐवजी ७३ टक्के. पण ती सूट हजेरीची आहे, परीक्षेची नाही.

आता दुखण्याबद्दल. पाळीत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सुटतं. त्यामुळे गर्भाशय जोरात आकुंचन पावतं आणि कळा येतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेनची गोळी हे द्रव्य तयार होणंच कमी करते. म्हणून कळा असह्य होईपर्यंत थांबू नये. दुखायला लागताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. ज्यांना पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ओटीपोटाला गरम पाण्याची पिशवी शेकल्यानेही आराम पडतो.

साधं दुखणं पहिले दोन-तीन दिवस असतं. पण पाळी नसतानाही दुखत असेल, दर महिन्याला वाढत असेल, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखत असेल, तासाभरात पॅड भिजत असेल किंवा गोळीनेही थांबत नसेल, तर आत दुसरा आजार असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार, म्हणजे एंडोमेट्रिओसिस, त्यातलाच एक आहे. अशा मुलीला ससूनच्या स्त्रीरोग विभागात न्या. "लग्न झालं की थांबेल," असं म्हणून घरी बसवू नका. तिथला केसपेपर सांभाळून ठेवा. पुढच्या अर्जाला तोच जोडायचा आहे.