सयमक गद्य : वृत्तावाचून लय

वाणीचे गद्य आणि पद्य असे दोन भेद शास्त्रकार सांगतात. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त गद्याचे पुन्हा मुक्तक, वृत्तगंधी, उत्कलिकाप्राय आणि चूर्णक असे चार प्रकार केले आहेत. हे प्रकार समासांच्या अल्पाधिकतेवरून व वृत्ताच्या अंशावरून ठरविलेले आहेत. परंतु ज्या गद्यात वृत्त नाही, गणमात्रांचा नियम नाही, तरी वाक्याचे खंड एकमेकांस जुळून येतात आणि खंडाखंडाच्या अंती यमक साधते, त्या गद्याचा स्वतंत्र विचार येथे आढळत नाही. तो विचार अरबी साहित्यशास्त्रात अत्यंत सूक्ष्मपणे झालेला आहे. धर्मप्रवचन हे त्या गद्याचे एक मुख्य क्षेत्र असल्यामुळे निरूपण करणाऱ्यास व ऐकणाऱ्यासही तो उपयोगी पडण्यासारखा आहे.

या गद्यास अरबी भाषेत ‘सजअ’ म्हणतात. पारव्याच्या एकसुरी घुमण्यास जो शब्द आहे तोच हा होय. इस्लामपूर्व काळी अरबस्तानातील दैवज्ञ आपली भाकिते याच वाणीत सांगत. त्यामुळे प्रारंभी धर्मनिष्ठांस या शैलीविषयी संशय वाटे. पुढे मात्र दहाव्या शतकात तीच शैली शुक्रवारच्या प्रवचनांत रूढ झाली. हलब येथील सैफुद्दौला या राजाच्या पदरी असलेला प्रवचनकार इब्न नुबाता याची प्रवचने सजअमध्येच आहेत, आणि पुढील प्रवचनकारांनी ती आदर्श म्हणून मानली.

या गद्याची लय कशी उत्पन्न होते, याचे विवरण झियाउद्दीन इब्न अल्-असीर (इ. स. 1163–1239) या ग्रंथकाराने केले आहे. त्याचे पहिले सूत्र असे की, येथे मोजावयाचे ते शब्द. अक्षरे वा मात्रा नव्हेत. यासाठी मराठीत एक वाक्य रचून पाहावे : ‘आयुष्य हळूहळू सरते, आस मात्र उरते.’ पहिल्या खंडाच्या मात्रा पंधरा व दुसऱ्याच्या दहा आहेत. वृत्ताच्या दृष्टीने हे दोन चरण जुळत नाहीत. तथापि दोन्ही खंडांत शब्द तीन-तीनच आहेत. बोलताना प्रत्येक शब्दावर एक आघात पडतो, आणि तीन आघातांनंतर यमक येते. कानास जे समत्व जाणवते ते या आघातांचे होय. डेव्हिन स्ट्युअर्ट या अभ्यासकाने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातही सजअचे माप अक्षरांचे नसून शब्दाघातांचे आहे, असेच प्रतिपादन केले आहे.

दुसरी गोष्ट विरामाची. अरबी शब्दांस विभक्तीचे स्वर शेवटी लागतात; परंतु विराम घेताना ते उच्चारीत नाहीत. ‘किताबुन’ आणि ‘हिसाबिन’ ही रूपे वाक्याच्या ओघात भिन्न अंताची आहेत. विराम घेतला की ‘किताब’ आणि ‘हिसाब’ असे यमक जुळते. अर्थात हे यमक कागदावर सिद्ध होत नाही, वक्त्याच्या थांबण्याने सिद्ध होते. जो वक्ता खंडाच्या अंती न थांबता पुढे धावतो, त्याचे यमक श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही.

तिसरी गोष्ट खंडांच्या लांबीची. आणि इब्न अल्-असीरचे विवेचन येथे विशेष मार्मिक आहे. दोन खंड समान असणे हा उत्तम पक्ष. दुसरा खंड पहिल्याहून काहीसा लांब असणे हाही ग्राह्य पक्ष. खंड तीन असतील तर पहिले दोन मिळून एक माप समजावे व तिसरा लांबू द्यावा. पहिले दोन चार-चार शब्दांचे असता तिसरा दहा-अकरा शब्दांपर्यंत चालतो, असे तो सांगतो. वरील वाक्य असे वाढविता येईल : ‘आयुष्य हळूहळू सरते, आस मात्र उरते, आणि तिच्यामागे जीवाचे पाऊल पुन्हा त्याच वाटेवर फिरते.’ तिसऱ्या खंडात आठ शब्द आहेत. पहिल्या दोहोंनी कानास यमकाची अपेक्षा लाविली. तिसऱ्याने ती काही काळ लांबवून मग पूर्ण केली. म्हणून हा खंड लांब असूनही जड वाटत नाही.

याच्या उलट रचना करून पाहावी : ‘जीवाचे पाऊल पुन्हा पुन्हा त्याच वाटेवर फिरते, आयुष्य सरते.’ येथे अर्थाला बाध नाही, यमकही आहे. परंतु सात शब्दांनंतर दोनच शब्द येतात. पहिल्या खंडाने जे माप घालून दिले, ते भरण्यापूर्वीच वाक्य संपते. मुक्कामाकडे निघालेला मनुष्य अलीकडेच ठेचाळावा तशी श्रोत्याची अवस्था होते, असा इब्न अल्-असीरचा अभिप्राय आहे, आणि या प्रकारास तो मोठा दोष मानतो.

येथवर कानाचा विचार झाला. अर्थाच्या बाजूने त्याची दोन बंधने आहेत. शब्दाने अर्थामागे जावे, अर्थाने शब्दामागे जाऊ नये, हे पहिले. ‘आस मात्र भरते’ असे कोणी लिहिले तर ‘भरते’ हे पद केवळ ‘सरते’च्या ओढीने आले, हे उघड दिसते, यमकाची अट नसती तर ते कोणी योजिले नसते. ही शंका जुनीच आहे. इ. स. 994 मध्ये निधन पावलेल्या रुम्मानी या पंडिताने कुराणातील वाक्यान्तांस सजअ म्हणण्याचे नाकारिले, ते याच कारणाने की, सजअमध्ये अर्थ ध्वनीचा अंकित होतो, असे त्याचे मत होते.

दुसरे बंधन असे की, प्रत्येक खंडाने निराळा अर्थ सांगितला पाहिजे. ‘आयुष्य हळूहळू सरते, वय पावलापावलाने ओसरते’ हे वाक्य कानास पहिल्याहूनही गोड लागेल. शब्द तीन-तीन, यमक अधिक भरीव. परंतु दुसरा खंड गाळून पाहावा. अर्थाची काहीच हानी होत नाही. ‘आस मात्र उरते’ हा खंड गाळला तर मात्र विधानाचा गाभाच जातो. साबी, इब्न अब्बाद यांसारख्या नामांकित लेखकांच्या गद्यातही एकच अर्थ दोनदा सांगण्याचा हा दोष इब्न अल्-असीरने दाखविला आहे.

हा दोष प्रवचनात लवकर उमगत नाही, कारण श्रोता लयीने भारलेला असतो. हरीरी (इ. स. 1054–1122) याच्या ‘मकामात’ ग्रंथाच्या पहिल्याच आख्यानात सना नगरीतील एक प्रवचनकार अशाच गद्यात वैराग्याचा उपदेश करून श्रोत्यांस रडवितो. एक श्रोता त्याच्या मागोमाग गुहेपर्यंत जातो, तो तेथे भाजलेले करडू आणि मद्याचा घडा पुढे घेऊन तो उपदेशक बसलेला आढळतो. वाक्ये सदोष नव्हती, अर्थही पोकळ नव्हता. वक्त्याचे आचरण मात्र त्यांच्याशी जुळत नव्हते, आणि ही विसंगती यमकाच्या गोडीत झाकून गेली होती. शैलीचे नियम वाक्यापुरते चालतात. वक्त्याची पारख त्यांनी होत नाही.

सूत्रपाठाच्या अभ्यासकास या विचाराचा उपयोग करून पाहता येईल. केशिराज व्यासांनी संकलित केलेल्या सर्वज्ञांच्या वचनांत वृत्त नाही, सर्वत्र यमकही नाही. तरी अनेक वचने मोजक्या शब्दांची असून पाठास सुलभ आहेत. अशा वचनाचे खंड पाडून प्रत्येक खंडातील शब्द मोजावे, विराम कोठे पडतो ते उच्चारून पाहावे, आणि एकेक खंड गाळून अर्थाचे काय होते ते तपासावे. जो खंड गाळता येत नाही, तो केवळ लयीसाठी आलेला नाही, हे या रीतीने निश्चित करता येते.