मुका मॉनिटर आणि मधला डबा

१. ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढून देतो, एवढंच मी समजून होतो. पण त्याचं खरं काम खोटं बोलण्याचं आहे, हे कळायला मला काही संध्याकाळी लागल्या. माझ्याकडे पीएस५ आहे आणि २७ इंची, १४४०पीचा, स्पीकर नसलेला मॉनिटर. केबल लागली की कन्सोल आधी मॉनिटरची माहिती वाचून घेतो. तिला ईडीआयडी म्हणतात. रिझोल्यूशन किती, किती हर्ट्झ, आवाज घेता येतो की नाही, हे सगळं त्यात असतं. मॉनिटरने प्रामाणिकपणे ‘आपल्याला आवाजाचं काही कळत नाही’ असं सांगितलं, की कन्सोल आवाज पाठवतच नाही. मग मध्ये कितीही चांगला डबा ठेवा, जे आलंच नाही ते तो काढणार कुठून?

२. म्हणून त्या डब्यावरची नखाएवढी सरकपट्टी हीच सगळ्यात महत्त्वाची. तिच्यावर बहुधा ‘पास’, ‘२ सीएच’ आणि ‘५.१’ असं लिहिलेलं असतं. पास म्हणजे मॉनिटरची माहिती जशीच्या तशी पुढे. २ सीएच म्हणजे डबा स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो की पलीकडे दोन चॅनेलचा आवाज ऐकणारा कुणीतरी आहे. लग्न जुळवणारा मध्यस्थ मुलाबद्दल सांगतो तसंच हे. आपल्याला २ सीएचच हवं आहे. पट्टी सरकवल्यावर एचडीएमआय केबल एकदा काढून परत लावावी, कारण ही ओळखपरेड जोडणीच्या वेळी होते. काही स्वस्त डबे मात्र आवाजापुरतं न थांबता मॉनिटरची सगळीच माहिती बदलून सांगतात, आणि आवाज येतो त्याच क्षणी १४४०पी गायब होतं. त्यामुळे आवाज आल्याच्या आनंदात पीएस५चं Video Output Information हे पान उघडून बघायला विसरू नये.

३. खोक्यावरचा ‘४के’ हा शब्द फारसं काही सांगत नाही. एचडीएमआय १.४चा डबाही ४के दाखवतो, पण सेकंदाला ३० चित्रं. ४के आणि ६० हवं तर एचडीएमआय २.०, म्हणजे १८ जीबीपीएस. माझं १४४०पी आणि १२० हर्ट्झ त्यात बसतं, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो. ४के १२० आणि व्हीआरआर वापरणाऱ्याला एचडीएमआय २.१चाच डबा लागेल, आणि तो चांगलाच महाग. साखळीत जे सगळ्यात कमी दमाचं, त्याच्याच दमाने चित्र चालतं. कमी दमाचा डबा असेल, तर पडदा मधूनच काळा होतो, नाहीतर कन्सोल मुकाट्याने खालच्या रिझोल्यूशनवर उतरतो.

४. शांतता आणि खरखर या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सगळं जोडूनही ३.५ मिमीच्या पिनेतून काहीच येत नसेल, किंवा नुसता कचकचाट येत असेल, तर Settings > Sound > Audio Output मध्ये जाऊन Linear PCM निवडलंय ना, ते बघावं. डॉल्बी किंवा डीटीएसचा बांधलेला आवाज सोडवणं साध्या डब्याच्या आवाक्यात नसतं. दुसरी तक्रार सततच्या घुंSS आवाजाची. डब्याला ५ व्होल्ट लागतात, ते आपण सोयीने कन्सोलच्याच यूएसबीतून देतो. स्पीकर भिंतीतल्या प्लगवर. अशा वेळी जमिनीची वायर दोन वाटांनी जोडली जाते आणि ती गुणगुणू लागते. डब्याला वेगळा चार्जर दिला की कधीकधी ती थांबते. न थांबल्यास ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून हा रोगच उरत नाही. फक्त स्पीकरला ऑप्टिकल खाच हवी.

५. स्पीकरला स्वतःचं आवाजाचं बटण हवं, ही गोष्ट मी फारच क्षुल्लक समजत होतो. डब्यातून आवाज ठरावीक पातळीचाच निघतो आणि टीव्हीचा रिमोट इथे नसतो. रात्री घरातली मंडळी झोपलेली असताना गेमच्या मेनूत शिरून आवाज कमी करत बसण्यातला कंटाळा आता मला पुरेसा कळला आहे.

६. आणि हे सगळं वाचून डबा मागवायच्या आधी मॉनिटरच्या मागे एकदा टॉर्च मारून बघा. स्पीकर नसलेल्या बऱ्याच मॉनिटरना हेडफोनची खाच असते आणि एचडीएमआयचा आवाज तिथून बाहेर येतो. तुमच्या मॉनिटरला ती असेल, तर स्पीकरची पिन तिथेच लावा. डब्याची तुम्हाला गरज नाही.